घरमालकांचा मेसेज "दरमहा रु." वर तुटला. पत्र कसं लिहू? (सोलापूर)

मृण्मयी७
मंडळी, जरा मदत हवी आहे. आम्ही जुळे सोलापुरात दोन खोल्यांत भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा रजिस्टर केलेला लिव्ह अँड लायसन्स करार आहे, १ जुलै ते ३१ मे. भाडं ६,५००, डिपॉझिट २५,०००. घरमालकांना आम्ही अण्णा म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, अक्कलकोट तालुक्यात गावी असतात, शेती बघतात. माणूस चांगला आहे. गेल्या दिवाळीला स्वतः येऊन शेंगा देऊन गेले.

१४ तारखेला रात्री ९.१२ ला त्यांचा मेसेज आला. व्हॉट्सॲप नाही, साधा एसएमएस, कारण दोघांकडेही (अण्णा आणि आमचे हे) बटणांचे फोन आहेत. मेसेज असा :

"नमस्कार. घराचा करार ३१ मे ला संपतो. १ जूनपासून नवीन भाडे दरमहा रु. "

बस्स, इथेच संपला. पुढे तीन टिंबं. आकडा नाहीच.

फोन दोनदा लावला. एकदा लागलाच नाही. एकदा लागला तर अण्णांना ऐकू कमी येतं, वर मोटारीचा आवाज. "पाठवलंय की मेसेज!" म्हणाले आणि ठेवला. आता पत्रच लिहावं म्हणते. कसं लिहू? त्यांना राग यायला नको आणि आम्हीही अडकायला नको.

बाळीवेसकर
सोलापूरच्या पाण्यासारखं झालं की हे. आज आलं, आता चार दिवसांनी उरलेलं.

हणमंत_कुंभारी
ताई, घाबरायचं कारण नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ वाचा. कलम ११. राहत्या जागेचं भाडं वर्षाला ४ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. म्हणजे ६,५०० वर २६०, एकूण ६,७६०. अण्णांनी काहीही लिहिलेलं असू दे. पत्रात सरळ लिहा, आम्ही ६,७६० देऊ, आणि विषय संपवा. घर खाली करा म्हणाले तरी भाडं देत असलेल्या भाडेकरूला असं काढता येत नाही.

शुभदा_पुणे
ऑफिसात दाखवायला पावत्या हव्यात ना? वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर मालकांचा पॅन नंबरही लागतो, तो आत्ताच मागून घ्या. मला मार्चमध्ये फार धावपळ झाली होती. आमचे मालक पॅन द्यायलाच तयार नव्हते. शेवटी त्यांच्या मुलाला मध्ये घातलं.

मृण्मयी७
@शुभदा, नाही हो, पावतीचं नाहीये. भाड्याचा आकडाच आला नाही.
@हणमंत, हे भारी आहे, पण अण्णांशी कायद्याने बोलायचं जिवावर येतं.

टॉवरखाली
मेसेज का तुटला ते सांगतो, त्याचा पत्रात उपयोग होईल.

इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरी लिहिलं की ७० च. आणि त्याहून लांब गेला की फोन त्याचे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यात थोडी जागा "हा कितवा तुकडा" हे सांगण्यात जाते, म्हणून देवनागरीत एका तुकड्याला ६७ मिळतात. यात मात्रा, अनुस्वार, पाय मोडणं, टिंब, रिकामी जागा सगळं वेगवेगळं धरतात. "स्का" हे आपल्याला एक अक्षर दिसतं, एसएमएसच्या हिशोबात चार.

तुमचा मेसेज बसून मोजला. "रु." नंतरच्या रिकाम्या जागेसकट बरोबर ६७. म्हणजे अण्णांनी आकडा लिहिला होता यात मला तरी शंका नाही. तो दुसऱ्या तुकड्यात होता आणि तो तुकडा पोचला नाही. तुकडे सुटे सुटे जातात, प्रत्येकाचे पैसेही वेगळे कापले जातात. बॅलन्स एकाच तुकड्यापुरता असला किंवा मध्येच रेंज गेली तर हे होतं. बरेचसे स्मार्टफोन सगळे तुकडे येईपर्यंत मेसेज दाखवतच नाहीत. बटणांचे फोन आलं तेवढं दाखवतात आणि पुढे टिंबं देतात. यांचा फोन जुना म्हणून निदान अर्धा तरी कळला!

बाळीवेसकर
६७ मोजले? खरंच? उन्हाळ्यात दुपारी लोक झोपतात हो.

टॉवरखाली
४३ डिग्रीत झोप लागते का सांग.

निशिगंध
फोनवर विचारू नका ह्या मताची मी. आमच्या सासऱ्यांनी होटगी रोडच्या घराचं भाडं फोनवर ठरवलं. मालक म्हणाले साडेसहा, ह्यांनी ऐकलं साडेसात. का उलटं, ते आजही कळलेलं नाही. तीन महिने एक माणूस हजार कमी देत होता आणि दुसरा मनात धरून बसला होता. आकडा कागदावर आणि अक्षरात पाहिजे.

अक्कलकोट_रोड_नाका
मी घरमालक आहे, तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. एवढ्याशा गोष्टीला पत्र? म्हातारा माणूस पत्र बघून घाबरेल. आमच्याकडे भाडेकरूचं पत्र आलं की घरातले म्हणतात, वकील गाठला वाटतं. रविवारी एसटीने जाऊन या, चहा घ्या, विचारून या. माणसातला व्यवहार माणसात ठेवावा.

दस्तुरखुद्द
उशिरा वाचला धागा. मी सोलापुरात दस्त लिहिण्याचं काम बरीच वर्षं केलं, आता घरी असतो. काही गोष्टी वेळेत सांगायला हव्यात म्हणून लिहितो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची. मृण्मयीताई, त्या मेसेजला तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी "ठीक आहे", "बरं अण्णा" असं काही उत्तर दिलंय का? दिलं नसेल तर देऊ नका. तुमच्या फोनमध्ये अर्धा मेसेज आहे, पण अण्णांच्या फोनमध्ये तो पूर्ण आहे, आकड्यासकट. त्याखाली तुमचं "ठीक आहे" गेलं की अण्णांच्या दृष्टीने तुम्ही त्या आकड्याला होकार दिला. अण्णा लबाड आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना प्रामाणिकपणे तसंच वाटेल, आणि पुढे वाद झालाच तर दोघं आपापला फोन पुढे करतील आणि दोघांचंही खरं असेल. पत्राचं मुख्य काम हेच आहे : आमच्यापर्यंत काय पोचलं आणि काय पोचलं नाही, हे तारीख घालून सांगणं.

दुसरी, हणमंतराव. कलम ११ चे ४ टक्के तुम्ही बरोबर सांगितलेत, पण ते भाडेकरूला. यांचा कागद लिव्ह अँड लायसन्स आहे. तिथे मुदत संपली की पुढचा करार नवा, आणि त्याची रक्कम दोघांच्या संमतीने ठरते. उलट त्याच कायद्याचं कलम २४ बघा. मुदत संपल्यावर लायसन्सवाला जागा सोडत नसेल तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि मुदतीनंतरच्या दिवसांचं दुप्पट शुल्क मागू शकतो. म्हणून "भाडं देतोय म्हणजे काढता येत नाही" ह्या भरवशावर ३१ मे ओलांडू नका. पत्र लवकर गेलं पाहिजे ते यासाठी.

तुमच्या करारात वाढीबद्दल काही लिहिलंय का, ते बघून सांगा.

हणमंत_कुंभारी
भाडेकरू काय आणि लायसन्स काय, राहतो तर माणूसच. ११ महिन्यांचे कागद ही पळवाट आहे, मालकांनी काढलेली.

दस्तुरखुद्द
पळवाट म्हणा, पण रस्ता कायद्यातच आखलेला आहे. भांडायचं तर मोर्चा काढू, मी येतो. ताईंना मात्र १ जूनला त्याच घरात राहायचंय.

मृण्मयी७
उत्तर काही दिलेलं नाही, वाचले! करार काढला. कलम ७ : "मुदत संपल्यावर उभयतांच्या संमतीने नवीन करार करता येईल व त्या वेळी मासिक शुल्कात ५ टक्के वाढ राहील." म्हणजे ६,८२५. पण शेजारच्या काकू म्हणतात, या गल्लीत सगळीकडे ७,५०० झालंय.

पत्राचा मसुदा केला, बघा बरं :

"आदरणीय अण्णा, सा. न. आपला भाडेवाढीचा मेसेज मिळाला. वाढीव भाडे देण्यास आमची हरकत नाही. परंतु त्यात रक्कम दिसत नाही. बहुधा रु. ७,५०० असावी असे समजते. तरी कृपया कळवावे. आपली, मृण्मयी"

बाळीवेसकर
ताई, लिलावात स्वतःच्याच विरुद्ध बोली लावलीत की!

दस्तुरखुद्द
बाळीवेसकर हसण्यावारी म्हणाले ते खरं आहे. अण्णांनी ७,००० लिहिलं असेल तर तुमचा ७,५०० वाचून ते म्हणतील, असू दे, तेच धरा. अंदाजाचा आकडा पत्रात घालायचाच नाही, ना चढा ना उतरता. करारातला ६,८२५ सुद्धा ह्या पत्रात नको. तो बोलणीच्या वेळचा मुद्दा. आधी त्यांचा आकडा येऊ द्या.

"मेसेज मिळाला" हे वाक्य तर तुमच्यावरच उलटेल. मिळालाच नाही पूर्ण. "अर्धवट मिळाला" म्हणा, आणि जेवढा मिळाला तेवढा अवतरणात जसाच्या तसा उतरवा, चुकीसकट, टिंबासकट. तारीख, वेळ, कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरवर तेही. बटणांच्या फोनचा स्क्रीनशॉट निघत नाही, म्हणून दुसऱ्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढा, तारीख दिसेल असा. मूळ मेसेज पुसू नका.

"हरकत नाही" हेही काढा. कशाला हरकत नाही? आकडा माहीत नसताना दिलेला होकार हा समोरच्याला कोरा चेक. १८७२ च्या करार कायद्यात कलम २९ आहे, ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो करार रद्दबातल. तुमच्याकडे आलेल्या तुकड्यापुरतं बोलायचं तर त्यात रक्कमच नाही, मग मान्य काय करणार? पण अण्णांच्या फोनमध्ये रक्कम आहे, म्हणून "निश्चित करता येत नाही" असं तुम्हाला तिथे म्हणता येणार नाही. कलमावर विसंबू नका, वाक्यच लिहू नका.

आणि सही यजमानांची. करार त्यांच्या नावावर, मेसेज त्यांच्या नंबरवर.

अक्कलकोट_रोड_नाका
बघा, मी म्हटलं ना. चहाची गोष्ट कोर्टापर्यंत नेली.

दस्तुरखुद्द
नाही हो. तुमचं निम्मं मला मान्यच आहे. पत्र पोस्टाने एकदम टाकण्यापेक्षा ह्यांनी रविवारी घेऊनच जावं. चहाही घ्यावा. दोन प्रती न्याव्यात, एक अण्णांना, दुसरीवर "मिळाले" लिहून सही आणि तारीख घ्यावी. अण्णा सही करायला बिचकले तर जबरदस्ती नको, दुसऱ्या दिवशी तेच पत्र पोस्टाने पोचपावतीसह पाठवावं. पत्र वहीच्या रेघी कागदावर, स्वतःच्या अक्षरात. टाइप केलेलं, वर "नोटीस" छापलेलं बघून माणूस बिथरतो, हे तुमचं बरोबर आहे.

आणि एक. फक्त आकडा मागू नका. टॉवरखाली यांनी सांगितलं ना, अख्खा दुसरा तुकडा हरवलाय. त्यात आकड्यानंतर काय काय होतं कुणाला माहीत? पूर्ण मेसेज मागा.

टॉवरखाली
+१. दुसऱ्या तुकड्यात अजून ६७ अक्षरांची जागा होती. एवढ्या जागेत माणूस बरंच काही लिहून जातो.

निशिगंध
त्यांनाच पुन्हा पाठवायला सांगितलं तर? फोनवर "पुन्हा पाठवा" एवढं तरी ऐकू जाईल.

टॉवरखाली
जाईल, पण लांबी तीच राहिली तर पुन्हा तिथेच तुटू शकतो. आणि दुसऱ्यांदा लिहिताना माणूस तेच शब्द लिहील असं नाही. "फक्त आकडा टाका" म्हटलं तर नुसता आकडा येईल, तो कशाचा, कधीपासून, हे त्यात नसेल.

मृण्मयी७
सगळं वाचून नवीन मसुदा केला. ह्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलाय, मी इथे उतरवते. नावं-पत्ते काढलेत.

"दि. १७ मे
प्रति, श्री. ........., मु. पो. ........., ता. अक्कलकोट
विषय : भाड्याबद्दलचा आपला मेसेज अर्धवट मिळाल्याबाबत

आदरणीय अण्णांना सा. नमस्कार.
१४ मे रोजी रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी आपल्या मोबाइलवरून माझ्या मोबाइलवर आलेला मेसेज खाली जसाच्या तसा लिहीत आहे.

'नमस्कार. घराचा करार ३१ मे ला संपतो. १ जूनपासून नवीन भाडे दरमहा रु. '

मेसेज इथेच थांबतो. 'रु.' नंतरची रक्कम आणि त्यापुढे काही मजकूर असल्यास तोही आम्हाला मिळालेला नाही. फोनवर नीट ऐकू येत नसल्याने लिहून विचारत आहे, राग नसावा.

आपल्या फोनमध्ये तो मेसेज पूर्ण असेल. तो शेवटपर्यंत खाली सोडलेल्या जागेत लिहून द्यावा. रक्कम आकड्यात व अक्षरात लिहावी.

रक्कम कळल्यावर आम्ही चार दिवसांत लेखी उत्तर देऊ. तोवर आमच्याकडून कोणत्याही रकमेला होकार किंवा नकार दिलेला नाही. मे महिन्याचे रु. ६,५०० ठरल्याप्रमाणे आपल्या खात्यात ५ तारखेलाच जमा केले आहेत. आम्हाला याच घरात राहायचे आहे. करार ३१ मे रोजी संपतो, तेव्हा २४ मेपर्यंत आपले उत्तर मिळाल्यास नवीन कराराची तयारी वेळेत करता येईल.

आपला,
(सही)"

खाली अर्धं पान रिकामं ठेवलंय आणि "मेसेजचा पूर्ण मजकूर", "रक्कम अक्षरी", "सही व तारीख" असं लिहून रेघा मारल्यात.

दस्तुरखुद्द
छान. "होकार किंवा नकार दिलेला नाही" हे वाक्य बाकी काही खोडलं तरी खोडू नका. नकार नाही हेही तितकंच महत्त्वाचं, नाहीतर अण्णा म्हणतील, यांना राहायचं नाही, दुसरा बघतो. "आम्हाला याच घरात राहायचे आहे" हे तुम्ही आपणहून घातलंत, फार चांगलं केलंत.

हणमंत_कुंभारी
पत्र चांगलं आहे. पण २४ पर्यंत उत्तर नाही आलं तर? जूनचं भाडं द्यायचं की नाही? मी म्हणतो ६,५०० टाकून मोकळं व्हायचं. त्यांनी घेतलं म्हणजे करार पुढे चालू झाला, सोपं आहे.

दस्तुरखुद्द
पैसे थांबवायचे नाहीत हे बरोबर. जुन्या दराने, नेहमीच्या तारखेला, बँकेतून, आणि शेऱ्यात "जून, जुना दर, १७ मेच्या पत्रानुसार" असं लिहून. पण तेवढ्याने अकरा महिन्यांचा करार आपोआप पुढे सरकला असं धरून झोपू नका. लायसन्सची मुदत कागदावरच्या तारखेला संपते. ३१ च्या आत निदान नव्या कराराचा मसुदा तरी समोर असावा.

अक्कलकोट_रोड_नाका
एक विचारू का? मी माझ्या दुसऱ्या खोलीचा करार रजिस्टर केलेला नाही. १०० च्या स्टॅम्पवर सही घेतली आहे, नोटरी केलंय. चालतं ना?

दस्तुरखुद्द
तुमच्या दृष्टीने मुळीच नाही. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. करार लेखी आणि रजिस्टर हवा, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, उलट तुम्ही सिद्ध करेपर्यंत. म्हणजे तुम्ही ७,००० ठरवलं होतं आणि तो म्हणाला ४,०००, तर सिद्ध तुम्हाला करायचंय.

अक्कलकोट_रोड_नाका
अरे देवा. सोमवारी जातो.

बाळीवेसकर
जाताना चहा घ्या. माणसातला व्यवहार माणसात.

शुभदा_पुणे
करार रजिस्टर असला तरी पावती मागायचा हक्क असतोच ना? मला पॅनचंच टेन्शन आहे अजून.

दस्तुरखुद्द
असतो. पैसे घेतले की पावती देणं मालकाला बंधनकारक आहे, त्याच १९९९ च्या कायद्याने. पॅनचं मात्र आयकरवाल्यांना विचारा, तो माझा प्रांत नव्हे.

मृण्मयी७
अपडेट. हे रविवारी गावी जाऊन आले. अण्णा पत्र बघून आधी गोंधळले. "मी तर सगळं लिहिलं होतं" म्हणून त्यांनी स्वतःचा फोन दाखवला. पाठवलेल्यात मेसेज पूर्ण होता. चष्मा लावून पत्राच्या खालच्या जागेत त्यांनीच उतरवला, आणि सहीही केली :

"७२००/- राहील. पाणीपट्टी वेगळी द्यावी लागेल."
खाली "अक्षरी सात हजार दोनशे फक्त".

पाणीपट्टीचं तर आम्हाला स्वप्नातही आलं नसतं! आत्तापर्यंत ती भाड्यातच होती.

टॉवरखाली
आणि ते सगळं एका तुकड्यात मावतं, हे नोंदवून ठेवतो.

निशिगंध
नुसता आकडा विचारला असता तर ७,२०० कळले असते आणि पाणीपट्टीचं डिसेंबरात भांडण झालं असतं.

हणमंत_कुंभारी
आता कलम ७ काढा. ५ टक्के म्हणजे ६,८२५. ७,२०० म्हणजे जवळजवळ ११ टक्के होतात. वर पाणीपट्टी. सरळ करार मोडला म्हणायचा.

अक्कलकोट_रोड_नाका
त्याच कलमात "उभयतांच्या संमतीने" पण लिहिलंय. अण्णांची संमती ६,८२५ ला नसेल तर नवीन करारच नाही, मग ५ टक्के कशाचे?

दस्तुरखुद्द
दोघंही वाक्याचा अर्धा अर्धा भाग वाचताय. वाचणारे दोन वकील बसवले तर दोन्ही बाजूंनी बोलतील, वाक्यच तसं लिहिलंय. मी ताईंच्या जागी असतो तर कलम ७ दाखवलं असतं, पण हक्क म्हणून नाही, "अण्णा, आपण हे लिहिलं होतं ना" म्हणून.

मृण्मयी७
तेच ठरलंय. चार दिवसांत लेखी उत्तर द्यायचं कबूल केलंय, म्हणून दुसरं पत्र लिहायला घेतलंय : आपला मजकूर मिळाला, करारातील कलम ७ प्रमाणे ६,८२५ व पाणीपट्टी पूर्वीप्रमाणे भाड्यातच ठेवावी अशी विनंती. ह्यांचं म्हणणं ७,००० पर्यंत जाऊ, पण पाणीपट्टी आत हवी. २५ ला अण्णा सोलापुरात येतायत, तेव्हा बसू. पाणीपट्टी वेगळी द्यायचीच झाली तर करारात कसं लिहायचं?

दस्तुरखुद्द
बिल अण्णांच्या नावावर येतं, म्हणून "पाणीपट्टी वेगळी" एवढंच लिहिलं तर मागची थकबाकीही तुमच्या गळ्यात पडेल. बिलाची तारीख आणि कोणत्या काळासाठी ते बघा. तुम्ही १ जूनपासूनच्या महिन्यांपुरताच वाटा द्याल, बिलाची झेरॉक्स मिळाल्यावर, आणि जुनी बाकी मालकांची, असं लिहा. वरच्या मजल्यावर अजून कुणी राहत असेल तर किती घरांत विभागायचं तेही. भाड्याच्या रकमेत ती मिसळू नका, वेगळं कलम करा.

मृण्मयी७
वरती दोन कुटुंबं आहेत. हे विचारलंच नव्हतं कुणी. २५ च्या यादीत टाकते.